शुभेच्छा आधी, भेटवस्तू ताजा कलमात

वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिणे मुळात फारसे अवघड नाही. त्या शुभेच्छांच्या शेजारी भेटवस्तूचा विषय आला, की मात्र सराईत लिहिणाऱ्याचाही हात अडखळतो. भेट पाठवली असेल तर ती सांगावी कशी, उशीर झाला असेल तर किती माफी मागावी आणि काहीच दिले नसेल तर गप्प बसावे की कबूल करावे, असे तीन प्रश्न उभे राहतात. बहुतेक जण तिन्ही वेळा एकच उपाय करतात आणि ते म्हणजे गरजेपेक्षा जास्त लिहिणे.

या अवघडलेपणाची मुळे आपल्या वळणात आहेत. दिलेले बोलून दाखवू नये, या हाताचे त्या हाताला कळू नये, हे घराघरांत ऐकवले जाते. दुसरीकडे लग्नमुंजीत मांडवाच्या कोपऱ्यात कुणी तरी वही घेऊन बसलेले असते आणि कुणाचा किती आहेर आला, हे नावानिशी टिपत असते. आहेराचा उच्चार करायचा नाही, पण नोंद मात्र चोख ठेवायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटवस्तूंवरील निबंधात देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे या तीन बंधनांविषयी लिहिले होते. आहेराची वही चाळणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे मॉस न वाचताच ठाऊक असते.

संदेशात भेटीचा उल्लेख केला, की यातील दुसरे आणि तिसरे बंधन वाचणाऱ्याच्या अंगावर येते. त्याला काही तरी उत्तर द्यावे लागते. म्हणून भेटीविषयीचे वाक्य बरे की वाईट, हे ठरवताना ते किती नम्र आहे हे पाहण्याचा उपयोग नाही. ते वाचून वाढदिवस असलेल्या माणसाला काय करावे लागेल, हे पाहावे.

मावशीची साडी

एक उदाहरण तपशिलात पाहू. ठाण्यात नोकरी करणारी भाची आणि कोल्हापूरला राहणारी मावशी. मावशीला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. भाचीने साडी घेतली आहे, पण ती पिको-फॉलला दिलेली असल्याने वाढदिवसापर्यंत पोहोचणार नाही. भाची सकाळी घाईघाईने लिहिते :

«मावशी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! खरं म्हणजे खूप वाईट वाटतंय, तुझ्यासाठी घेतलेली साडी वेळेत पाठवता आली नाही. ऑफिसात इतकं काम होतं आणि त्यात पिको-फॉलवाल्याने आठवडा लावला. प्लीज रागावू नकोस. साडी साधीच आहे, तुला आवडेल की नाही कोण जाणे. लवकरच पाठवते. सॉरी, सॉरी!»

यातील भावना खरी आहे, यात शंका नाही. पण सात वाक्यांपैकी शुभेच्छांचे वाक्य एकच आहे. उरलेली सहा साडीभोवती फिरतात आणि त्यातही साडीपेक्षा भाचीच्या अडचणीच जास्त आहेत. आता मावशीचे उत्तर काय येईल, हे सांगायला ज्योतिषी नको. «अगं असू दे गं, साडी कशाला? कपाटात ढीग पडलाय. मी कशाला रागावू? तू तब्येतीला जप.» म्हणजे साठाव्या वाढदिवशी मावशीच भाचीची समजूत काढत बसली.

प्रत्येक वाक्य तिच्याकडून काही मागते. ‘रागावू नकोस’ या वाक्याला ‘नाही रागावले’ असे उत्तर द्यावेच लागते. ‘साधीच आहे’ म्हटले, की न पाहिलेल्या साडीची आगाऊ स्तुती करणे आले. ऑफिसच्या कामाचा उल्लेख झाला, की चौकशी आली. ‘लवकरच पाठवते’ हे सर्वांत अवघड, कारण त्यात दिवस नाही. पंधरा दिवसांनी साडी आली नाही, तर मावशीने विचारायचे की विसरून जायचे? विचारले तर मागितल्यासारखे दिसते आणि न विचारावे तर पार्सल हरवले आहे का, हेही कळत नाही.

जुन्या मराठी पत्रव्यवहाराने हा प्रश्न चांगला सोडवला होता. वडीलधाऱ्यांना लिहिताना ‘शि. सा. न.’ किंवा ‘कृ. सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात असे. म्हणजे आधी साष्टांग नमस्कार आणि मग ‘विनंती विशेष’ म्हणून मजकूर. वस्तू, पार्सल, निरोप, अशा किरकोळ पण महत्त्वाच्या गोष्टी पुष्कळदा सहीनंतर ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम म्हणून येत. ‘ता. क. रामभाऊंबरोबर लोणच्याची बरणी पाठवली आहे’ असे कुणी लिहिले, तर त्यात संकोच नसे आणि मिरवणेही नसे. वस्तूची जागाच ठरलेली होती. तीच जागा आजच्या मोबाइलवरच्या संदेशातही चालते. भाचीने दुसऱ्यांदा असे लिहिले, तर पाहा :

«मावशी, साठाव्या वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा आणि नमस्कार. दहावीच्या सुट्टीत तू रंकाळ्यावर माझ्या सायकलमागे धावत होतीस आणि ‘चाकाकडे बघू नकोस, समोर बघ’ म्हणून ओरडत होतीस. परवा शेजारच्या मुलीला सायकल शिकवताना मी अगदी तुझ्याच आवाजात ओरडले. संध्याकाळी सात वाजता फोन करते.

ता. क. तुझ्यासाठी साडी घेतली आहे. शनिवारी पिको-फॉल होऊन हातात येईल आणि सोमवारी मी ती कुरिअरला देईन.»

माफी नाही, तरी उद्धटपणाही नाही. उशिराचे कारण आहे, पण ते साडीचे कारण आहे आणि अर्ध्या वाक्यात संपते. शेवटच्या वाक्यातील दिवस नीट पाहण्यासारखा आहे. भाचीने साडी ‘बुधवारी पोहोचेल’ असे म्हटलेले नाही, ‘सोमवारी देईन’ असे म्हटले आहे. पार्सल कधी पोहोचेल हे कुरिअरवाल्याच्या हाती असते, ते कधी सुपूर्द करायचे हे मात्र तिच्या हाती. स्वतःच्या हातातल्या दिवसाचाच शब्द द्यावा. सोमवारी पावतीवरचा क्रमांक कळवला, की मावशीला पार्सलचा माग काढता येतो आणि पुन्हा विचारण्याची वेळ येत नाही.

हा संदेश बरा उतरला की नाही, हे पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. ताजा कलम झाकून उरलेला मजकूर वाचावा. तेवढ्यावर शुभेच्छा पूर्ण वाटल्या, तर काम झाले. पहिल्या मसुद्यात साडीची वाक्ये झाकली, तर खाली फक्त ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढेच उरते आणि ते तर मिठाईच्या दुकानातल्या केकवरही लिहून मिळते.

‘पाठवेन’ आणि ‘घेऊन ठेवली आहे’

उशिराच्या भेटीत खरी गोम क्रियापदात असते. ‘पाठवली आहे’ म्हणजे वस्तू वाटेत आहे. ‘घेऊन ठेवली आहे’ म्हणजे खरेदी झाली, पाठवणे बाकी आहे. ‘पाठवणार आहे’ यात इरादा पक्का असतो, पण वस्तूचा पत्ता नसतो. ‘पाठवेन’ हे तर बोलण्यापुरतेच असू शकते. ‘पाठवते’ या रूपाचा भरवसा नाही. आज निघेल असेही त्यातून निघते आणि पुढच्या दिवाळीपर्यंतही ते ताणता येते. ऐकणारा हे सगळे बारकावे न शिकवता ओळखतो.

त्यामुळे वस्तू प्रत्यक्ष घेतलेली नसेल, तर तिचा उल्लेखच करू नये, हे उत्तम. खरेदी न झालेल्या भेटीचे आश्वासन म्हणजे आपण होऊन काढलेले कर्ज. ते फेडेपर्यंत पुढच्या प्रत्येक फोनवर ‘अजून राहिलंच बघ’ हे पालुपद सुरू राहते आणि हळूहळू फोनच टाळला जाऊ लागतो. एका साडीवरून मावशी-भाचीचे बोलणे कमी झाले, असे कुणी कबूल करणार नाही, पण नात्यांत असे घडते.

फारच उशीर झाला, म्हणजे महिना उलटून गेला, तर वाढदिवसाचा धागा सोडून द्यावा. आपल्याकडे पुढचा सण फार दूर नसतो. संक्रांत, पाडवा, भाऊबीज, नाही तर नुसती घरी चक्कर, यांपैकी कशाचेही निमित्त पुरते. ‘तुझ्या वाढदिवसाची राहिलेली भेट’ म्हणून तीन महिन्यांनी वस्तू पुढे केली, की तिच्याबरोबर उशीरही पुढे केला जातो.

भेट, आहेर आणि खाऊ

भेट संदेशाबरोबरच पोहोचणार असेल, तर काम सोपे असते. मात्र शब्द नीट निवडावा लागतो. ‘आहेर’ हा शब्द समारंभाचा आहे. लग्न, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत यांत तो शोभतो. साठी किंवा पंचाहत्तरीचा मोठा कार्यक्रम असेल तर चालतो, एरवी मित्राच्या वाढदिवसाला जड होतो. ‘गिफ्ट’ समवयस्कांत खपते. लहान मुलाला पैसे पाठवायचे असतील तर ‘खाऊ’ हा आपला शब्द फार कामाचा आहे. ‘पाचशे रुपये पाठवतोय’ याऐवजी ‘खाऊ पाठवलाय’ म्हटले, की रकमेचा विषय संपतो आणि मुलाच्या आईवडिलांनाही ‘एवढे कशाला’ म्हणण्याची गरज उरत नाही.

‘भेट’ या शब्दात तर मराठीने एक सोय करूनच ठेवली आहे. वस्तूही भेट आणि गाठ पडणेही भेटच. ‘एक भेट पाठवली आहे, दुसरी दिवाळीत घरी येऊन’ असे लिहिले, की पाठवलेली वस्तू आपोआप लहान होते. त्यासाठी तिला मुद्दाम ‘छोटीशी’ म्हणावे लागत नाही.

‘फूल ना फुलाची पाकळी’ आणि ‘गोड मानून घ्यावे’ हे आपले ठेवणीतले शब्दप्रयोग. ते खरोखरच पाकळी असेल तेव्हा सुंदर वाटतात. घरी केलेल्या चकल्या, स्वतः विणलेला मफलर, परसातली चार सोनचाफ्याची फुले, यांच्याबरोबर ते जरूर लिहावेत. चांदीच्या ताम्हनाबरोबर मात्र ‘फुलाची पाकळी’ पाठवली, तर वाचणारा नकळत ताम्हनाची किंमत करू लागतो. महागडी वस्तू असेल तेव्हा तिच्या मोठेपणाविषयी आणि लहानपणाविषयीही मौन बरे. ती का निवडली, एवढेच सांगावे. ‘तुमच्या देवघरातले ताम्हन चेपलेले पाहिले होते’ हे एक वाक्य पुरेसे आहे. त्यात किंमत नाही, पण लक्ष दिल्याची खूण आहे.

वडीलधाऱ्यांना लिहिताना ‘मी तुम्हाला दिले’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘तुमच्यासाठी आणली आहे’, ‘सोबत पाठवली आहे, स्वीकारावी’ अशी रचना कानाला बरी लागते. सासरकडच्या मंडळींना, काकांना, शाळेतल्या बाईंना लिहिताना हे विशेष जपावे लागते. मावशीला ‘तू’ म्हणणारी भाची या काटेकोरपणातून सुटते.

पैसे आधी पोहोचतात तेव्हा

२०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून पाकिटाची रीत पुष्कळ ठिकाणी मोबाइलवर गेली आहे. तिच्याबरोबर एक नवी अडचण आली. पाकिटात आधी माणूस दिसे, मग हात, मग पाकीट आणि पैसे तर पाहुणे गेल्यावर मोजले जात. आता क्रम उलटला आहे. रक्कम पाठवताक्षणी समोरच्याच्या फोनवर बँकेचा कोरडा संदेश वाजतो, की अमुक खात्यातून इतके रुपये जमा झाले. शुभेच्छा दहा मिनिटांनी पोहोचल्या, तर त्या पावतीसारख्या वाटतात.

म्हणून आधी शुभेच्छा पाठवाव्यात किंवा फोन करावा आणि मगच रक्कम. रकमेबरोबर टीप लिहिण्याची जी जागा असते, ती फार छोटी असते. तिथे ‘खाऊ’, ‘ओवाळणी’, ‘पुस्तकांसाठी’ असा एखादाच शब्द लिहावा. ही टीप काही बँकांच्या खातेउताऱ्यातही उमटते, हे लक्षात ठेवलेले बरे. संदेशात रकमेचा आकडा लिहिण्याची तर काहीच गरज नाही. ५०१ की १,००१ हे बँक सांगतेच. पाकिटावर चिकटवलेला रुपया मोबाइलवर दिसत नसला, तरी वरचा एक रुपया अनेक जण आवर्जून पाठवतात. हिशेबाच्या रकमेत आणि शुभाच्या रकमेत फरक करणारी ती जुनी खूण या नव्या रीतीतही शाबूत राहिली आहे.

आणखी एक पथ्य कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहाविषयी. तिथे शुभेच्छा द्याव्यात, भेटीविषयी अवाक्षर काढू नये. थोरल्या सुनेने समूहावर ‘आई, अंगठी आवडली का?’ असे विचारले, की धाकटीच्या स्टीलच्या डब्यांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. ताजा कलम नेहमी खासगीत पाठवावा.

काहीच दिले नाही, तर

बहुतेक वाढदिवसांना कुणी कुणाकडून भेटीची अपेक्षा करत नाही. अशा वेळी ‘काही पाठवू शकलो नाही’ असे लिहिणे म्हणजे नसलेली उणीव दाखवून देणे. तिथे शुभेच्छांवर थांबावे. निमंत्रणातच ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असेल, तरीही विषय काढू नये. यजमानांनी ज्यातून मोकळे केले, त्याची क्षमा मागण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात एका वाक्याची फसगत सांगायला हवी. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असे यजमान छापतात. ते त्यांच्या तोंडी शोभते, कारण ते स्वतःचा हक्क सोडत असतात. त्याचीच नक्कल करून पाहुण्याने ‘माझ्या शुभेच्छा हीच माझी भेट’ असे लिहिले, की अर्थ फिरतो. आता देणारा स्वतःच्याच शुभेच्छांची किंमत ठरवत असतो. विनोद म्हणून जवळच्या मित्राला चालेल, इतरांना नाही.

खरा पेच असतो तो दरवर्षी दिली जाणारी भेट एखाद्या वर्षी थांबते तेव्हा. समजा, नाशिकचे काका पुण्यातल्या पुतण्याला त्याच्या लहानपणापासून प्रत्येक वाढदिवसाला ५०१ रुपयांचे पाकीट पाठवत आले आहेत. पुतण्या आता महाविद्यालयात आहे. यंदा काकांचा कारखाना बंद पडला आहे आणि घरखर्चाचीच ओढाताण आहे. गप्प बसले, तर पुतण्याला वाटेल, की काका विसरले किंवा घरात काही बिनसले. सगळे सविस्तर लिहिले, तर एकविसाव्या वाढदिवशी मुलाच्या मनावर काकांच्या नोकरीचे ओझे आणि बहुधा संध्याकाळपर्यंत त्याच्या वडिलांचा ‘पैसे पाठवू का’ असा फोन.

अशा वेळी मौनही नको आणि हकिगतही नको. वस्तुस्थिती एका वाक्यात सांगावी आणि त्या वाक्याला शेपूट लावू नये. काकांनी असे लिहिले तर :

«चिरंजीव, अनेक आशीर्वाद. एकवीस वर्षांचा झालास. यंदा पाकीट नाही, पत्र आहे. तू सहा वर्षांचा असताना मी पाठवलेल्या पहिल्या पाकिटातल्या पैशांचे तू काय केलेस, ठाऊक आहे का? गल्लीतल्या सगळ्या पोरांना बर्फाचे गोळे खायला घातलेस आणि स्वतःसाठी पैसे उरले नाहीत म्हणून रडत घरी आलास. तुझ्या बाबांनी मला फोन करून सांगितले होते. तो हात तसाच मोकळा राहू दे, फक्त आधी स्वतःचा गोळा घे.»

‘यंदा पाकीट नाही, पत्र आहे’ या पाच शब्दांत पोकळी मान्य झाली आणि भरूनही निघाली. ‘यंदा’ या शब्दाने कायमचा निकालही दिला नाही आणि पुढच्या वर्षीचे वचनही दिले नाही. कारण न देण्याचा हक्क काकांनी राखला आहे. पुतण्या एकवीस वर्षांचा आहे, तो विचारायचे असेल तर स्वतंत्रपणे विचारेल आणि तेव्हा ते बोलणे वाढदिवसाच्या संदेशात होणार नाही. मुलगा दहा वर्षांचा असता, तर हेही वाक्य नको होते. त्याच्या आईवडिलांना दोन दिवस आधी फोनवर सांगून ठेवावे, म्हणजे ‘काकांचे पाकीट आले नाही का?’ असे मुलासमोर कुणी विचारणार नाही.

अशा संदेशात आठवण मात्र खरी आणि नेमकी लागते. ‘तुझ्याबरोबर घालवलेले क्षण’ वगैरे मोघम शब्द पाकिटाची जागा भरू शकत नाहीत. बर्फाचे गोळे भरतात, कारण ती गोष्ट दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही.

आता परत मावशीच्या साडीकडे. सोमवारी कुरिअरला दिलेले पार्सल गुरुवारी पोहोचते. आत ठेवायच्या चिठ्ठीत पुन्हा ‘उशिराबद्दल क्षमस्व’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. उशीर तर वाढदिवसाच्या दिवशीच सांगून झाला आहे. चिठ्ठीवर पाठवल्याची तारीख घालावी, ‘मावशीस’ एवढा मायना लिहावा आणि कामाचे तेवढे सांगावे : ब्लाउजपीस वेगळे कापून आतल्या पिशवीत ठेवले आहे, पहिली धुलाई मिठाच्या पाण्यात आणि दुकानाची पावती भाचीजवळ आहे, रंग नको वाटला तर महिनाभरात बदलून मिळेल.